कोल्ह्याचा उदोन कोणी खावा?

जपानला गेलेल्या मंडळींकडून हमखास एक फोटो येतो. क्योतो किंवा ओसाकातल्या उदोन-सोबाच्या साध्या खानावळीतलं मेनूकार्ड, उभ्या ओळींत छापलेलं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. खाली प्रश्न असतो, ‘यातलं आम्हाला काय चालेल?’ फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून झालेलं असतं आणि त्यात ‘कोल्हा नूडल्स’, ‘पालक-मूल भात’ असलं काहीतरी आलेलं असतं. शब्द बरोबर आहेत, पण ताटात काय येणार हे त्यातून कळत नाही.

कित्सुने म्हणजे कोल्हा, हे खरंच. पण ‘कित्सुने उदोन’मध्ये कोल्हा नसतो. गव्हाच्या जाड शेवया गरम रश्श्यात आणि वर गोडसर शिजवलेला तळलेला तोफू, एवढंच. कोल्ह्याला तळलेला तोफू आवडतो अशी तिकडची समजूत आहे, त्यावरून हे नाव पडलं. ‘ओयाकोदोन’ म्हणजे भातावर कोंबडी आणि अंडं. आई आणि लेकरू एकाच वाडग्यात, असा जरा क्रूर विनोद. कोंबडीऐवजी गाईचं किंवा डुकराचं मांस घातलं की त्याचं ‘तानिनदोन’ होतं, कारण अंड्याशी त्यांचं काही नातं नाही! ‘त्सुकिमी’ म्हणजे चंद्रदर्शन, पण वाडग्यातला चंद्र असतो वरून फोडलेल्या कच्च्या अंड्याचा. आपल्या बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. त्याचं कोणी ‘मुंबईचं बदक’ केलं तर जे होईल तेच इथे होतं.

म्हणून अशी नावं आहेत तशीच देवनागरीत उतरवावीत. गंमत टिकावी म्हणून नव्हे. वाढणाऱ्याला ऑर्डर देताना तोंडाने तेच नाव घ्यायचं असतं. याउलट ‘गरम’, ‘थंड’, ‘मोठी वाढणी’, ‘करासह किंमत’ या शब्दांचं सरळ मराठी करावं. ती नावं नव्हेत, माहिती आहे.

तेंपुरा मधल्या जागेत अडकतो. त्याला ‘भजी’ म्हणायचा मोह होतो, पण भजी म्हटलं की आपल्याला बेसन आणि कांदा-बटाटा दिसतो. तेंपुऱ्याचं पीठ गव्हाचं असतं, त्यात बहुधा अंडं असतं आणि नुसतं ‘तेंपुरा’ लिहिलं असेल तर कोळंबी धरून चालावं. सोबाचंही तसंच. सोबा कुट्टूच्या पिठाचा, हे सांगितलं की एखाद्या काकू लगेच म्हणतात, ‘मग उपवासाला चालेल की!’ पण बऱ्याच सोब्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू हे प्रमाण तिथे सर्रास चालतं. शिवाय कुट्टूची अॅलर्जी असणाऱ्यांना तो जिवावर बेतू शकतो. तेव्हा ‘सोबा’ हे नाव ठेवून पुढे ‘कुट्टूच्या शेवया, बहुधा गहू मिसळलेला’ एवढं लिहावंच.

खरी मेख मात्र मेनूवर छापलेलीच नसते. रस्सा बनतो ‘दाशी’वर, आणि दाशीत बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशी असते: कुप्याच्या जातीतला मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवून त्याचे काढलेले पापुद्रे. जपानी माणसाला त्याचा उल्लेख करावासाही वाटत नाही. म्हणून ‘कित्सुने उदोन: तळलेल्या तोफूचा’ हे भाषांतर शाकाहारी माणसासाठी चुकीचं. माझ्या मते ओळ अशी हवी: ‘कित्सुने उदोन: गव्हाच्या जाड शेवया, गोड तळलेला तोफू, रस्सा माशाचा.’ आधी मुख्य जिन्नस, मग शिजवण्याची तऱ्हा, शेवटी लपलेली गोष्ट. कोल्ह्याची कथा जागा उरली तर सांगावी. थंड ‘झारू सोबा’ बिनरश्श्याचा दिसतो खरा, पण सोबत बुडवायला जी वाटी येते तिच्यातही दाशीच असते.

फोटोबरोबर गाव विचारायला विसरू नये. ‘तानुकी’ हा कुत्र्याच्या कुळातला एक रानटी प्राणी. तोक्योत ‘तानुकी’ मागितलं तर वर तेंपुऱ्याच्या पिठाचा कुरकुरीत चुरा येतो. ओसाकात त्याच नावाने तळलेल्या तोफूचा सोबा येतो, तर क्योतोत तोफूचे काप आणि आल्याचा घट्ट रस्सा. नाव एकच, स्पष्टीकरणं तीन. फोटो काढणाऱ्यांनी कार्डाच्या कडा आणि तळाची बारीक अक्षरं कापू नयेत. असल्याच तर जिन्नसांच्या सूचना तिथेच असतात.

एवढं सगळं करून कडक शाकाहारी माणसाला अशा खानावळीत बहुधा साधा भातच उरतो, हे त्याला आधीच सांगून टाकावं. क्योतोतच असाल तर तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. तिथली दाशी माशाची नसते.