टोपणनाव नेमकं काय लपवतं?

पहिलंच पुस्तक किंवा दिवाळी अंकातली पहिलीच कथा छापून येणार असते. ऑफिसातल्यांना आणि नातेवाइकांना ते कळू नये असं वाटतं, म्हणून टोपणनाव घ्यायचं ठरतं. त्यामागे एक समजूत असते, की नाव बदललं म्हणजे माणूस लपला. मराठीतल्या गाजलेल्या टोपणनावांमुळे ही समजूत आणखी पक्की होते, पण त्यातली बहुतेक नावं लपण्यासाठी घेतलेलीच नव्हती. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ हे नाव घेतलं, राम गणेश गडकरींनी धाकट्या भावावरून ‘गोविंदाग्रज’ आणि वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीवरून ‘कुसुमाग्रज’. दूरच्या वाचकाला ही नावं अनोळखी वाटतील, पण घरातल्या माणसाला ती पहिल्याच नजरेत उलगडतात. आज जी नवी लेखिका लेकीच्या नावापुढे ‘माता’ जोडते, माहेरच्या गावाला ‘कर’ लावून आडनाव करते किंवा स्वतःची आद्याक्षरं तशीच ठेवते, तीही नकळत हाच मार्ग धरते. ज्यांच्यापासून लपायचं, नेमक्या त्यांनाच कळेल असं नाव ती निवडते.

ओळख दडवण्यासाठी घेतलेलं नाव कसं असतं, ते विभावरी शिरूरकर या नावात दिसतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघडपणे लिहिणारी ही बाई कोण, याची मोठी चर्चा झाली. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, आणि त्या शिक्षणक्षेत्रात काम करत होत्या. हे नाव एखाद्या खऱ्याखुऱ्या बाईचं वाटतं. त्याला नाव आहे, आडनाव आहे, आणि ‘मी टोपणनाव आहे’ असं ते कुठेही सुचवत नाही. खासगीपणा हवा असलेल्या लेखकाने हा गुण घ्यावा असं मला वाटतं. ‘निशिगंध’ किंवा ‘अनामिक’ असं काव्यमय नाव पाहिलं की वाचक लगेच विचारतो, खरं नाव काय? साध्या नाव-आडनावाबद्दल तो प्रश्न सहसा पडत नाही. मात्र आपल्याकडे आडनावाला गाव आणि जात चिकटलेली असते. ज्या समाजाचं जगणं आपण जगलो नाही, त्याचं आडनाव लावून त्याच्याविषयी आतून लिहिल्याचा भास निर्माण करणं ही वाचकाची फसवणूक आहे. म्हणून अनेक समाजांत आढळणारं आडनाव घ्यावं. ते नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत शोधून पाहावं, आणि त्या नावाचं कुणी आधीपासून लिहीत असेल तर सोडून द्यावं.

यानंतर येतो तो कायद्याचा बागुलबुवा. टोपणनाव राजपत्रात नोंदवावं लागतं असं अनेकांना वाटतं. तशी गरज नाही. उलट राजपत्रातल्या नावबदलाच्या सूचनेत जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं जातं, म्हणजे जे लपवायचं तेच जाहीर होतं. टोपणनावाने लिहिलं की लेखनावरचा हक्क जातो, हेही खरं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाच्या लेखनाला संरक्षण आहे. फरक मुदतीत आहे. लेखकाची ओळख जाहीर असेल तर हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ती शेवटपर्यंत जाहीर झालीच नाही तर प्रकाशनानंतर ६० वर्षं. आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओळख उघड नसेपर्यंत कुणी साहित्यचोरी केली, तर कोर्टात हक्काचा मालक म्हणून प्रकाशकाला धरलं जातं. म्हणून प्रकाशकाशी करार खऱ्या नावाने आणि लेखी करावा. टोपणनाव कोणतं, खरं नाव कुणाला सांगायचं नाही, फोटो आणि परिचय छापायचा की नाही, हे सगळं त्यातच लिहून घ्यावं.

यावर आक्षेप येतो, की प्रकाशकाला खरं नाव कळलं तर खासगीपणा राहिला कुठे? पण मानधन बँक खात्यात येतं, खातं खऱ्या नावाचं असतं आणि पॅनही खऱ्याच नावाचं द्यावं लागतं. टोपणनावाने काढलेला धनादेश वटणार नाही. तेव्हा संपादक, हिशेबनीस आणि आयकर खातं यांच्यापासून लपणं हे उद्दिष्टच असू शकत नाही. उद्दिष्ट आहे सहकारी आणि नातेवाईक. त्यांच्यापर्यंत बातमी कायद्याच्या वाटेने जात नाही, अगदी क्षुल्लक वाटांनी जाते. समजा, एका सहकारी बँकेतली लिपिक कथा पाठवते आहे. टोपणनाव तिने नीट निवडलं आहे. पण कथा ऑफिसच्या संगणकावर टाइप केली, तर वर्डच्या फाइलमध्ये लेखक म्हणून त्या संगणकावर नोंदलेलं नाव आपोआप बसू शकतं. पाठवण्याआधी `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथे जाऊन ते काढावं लागतं. ईमेल नेहमीच्याच खात्यावरून गेला, तर पत्त्याआधी खरं नाव झळकतं. मानधनासाठी तिने फोन नंबर दिला, तर यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं. संपादकाच्या बाबतीत त्याने बिघडत नाही, पण तोच नंबर वाचकांसाठी कथेखाली छापला गेला तर बिघडतं. शेवटी अंकाची लेखक-प्रत टपालाने येते. पाकिटावर टोपणनाव आणि घरचा पत्ता असेल, तर सोसायटीच्या वॉचमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे विचारतात, या कोण? पाकीट खऱ्या नावानेच पाठवा, एवढं एक वाक्य संपादकाला आधी कळवलं की हा प्रश्न सुटतो.

तरीही सर्वांत मोठा सुगावा मजकुरातच असतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. नातेवाईक नावावरून ओळखत नाहीत, प्रसंगावरून ओळखतात. आत्याच्या लग्नात मांडव कोसळला ही गोष्ट तीस माणसांना ठाऊक असेल, तर त्या तिसांसाठी टोपणनाव निरुपयोगी आहे. गाव, साल, व्यवसाय आणि भावंडांची संख्या या चारांपैकी दोन गोष्टी बदलल्या तरी पुष्कळ फरक पडतो. घरात एकाच माणसाच्या तोंडी असलेला वाक्प्रचार तर बदलायलाच हवा. पुरुषाने बाईचं नाव घेतलं किंवा उलट झालं, तर मराठीत आणखी एक अडचण येते. प्रथमपुरुषी लेखात ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतून लिंग कळतं. ते सबंध लेखभर सांभाळावं लागतं आणि एकदा चुकलं की चाणाक्ष वाचकाला पुरतं.

टोपणनाव घेतलं की काहीही लिहायला मोकळीक मिळते, ही समजूत मात्र धोक्याची आहे. बदनामीच्या तक्रारीत ते नाव ढाल होत नाही, कारण खरा लेखक कोण हे प्रकाशकाला ठाऊक असतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत सरकारवरच्या टीकेला मनाई करताना निनावी आणि टोपणनावाने केलेलं लेखनही स्पष्टपणे धरलं आहे. निव्वळ साहित्यिक लेखनाकडे हे नियम उदारपणे पाहतात. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातल्या अटी वाचाव्यात.

मोठमोठ्यांची नावं फुटली, मग आपलं काय टिकणार, असंही विचारलं जातं. जे. के. रोलिंग यांनी रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेली कादंबरी २०१३ साली उघडकीला आली. सुरुवात झाली ती त्यांच्या वकिली संस्थेतल्या एका वकिलाने पत्नीच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितल्यामुळे. नव्या लेखकामागे पत्रकार लागत नाहीत, त्यामुळे जगभर शोध घेतला जाण्याची भीती त्याला नाही. पण विश्वासाने सांगणारा माणूस प्रत्येकाच्या घरात असतो. म्हणून नाव ठरवतानाच ते कुणाकुणाला सांगायचं हेही ठरवावं. संपादक आणि घरातलं एक माणूस, एवढे पुरेत. त्या एका माणसाला ‘कुणाला सांगू नकोस’ असं मोघम न सांगता कुणाला सांगायचं नाही त्यांची नावं घेऊन सांगावं, कारण सख्ख्या बहिणीला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, असं बहुतेकांना मनापासून वाटतं.