चॅटबॉटला ‘संयमी बाई’ कसं बनवतात?

सदाशिव पेठेतली एखादी पाटी वाचली की लिहिणाऱ्याचा स्वभाव लगेच कळतो. खाली नाव नसलं, तरी सूर ओळखू येतो. चॅटबॉटला मात्र असा एकच सूर टिकवणं अवघड जातं.

समजा, पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवणारा बॉट बनवायचा आहे. सुरुवातीला त्याला गुप्त सूचना दिली जाते: ‘तू संयमी शिक्षिका आहेस.’ मुलगा लिहितो, १/२ + १/३ = २/५. बॉट म्हणतो, ‘छान प्रयत्न!’ आणि लगेच अख्खं गणित सोडवून देतो. सूर गोड, पण शिकवणं शून्य! कारण ‘संयमी’ हा शब्द वाचून बॉट फक्त गोड बोलायला लागला. संयम म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलंच नाही.

म्हणून विशेषणांऐवजी वागणूक लिहावी लागते:

```
मुलाला "तू" म्हण. स्वतःबद्दल "सांगते", "विचारते" असं बोल.
चूक दिसली तर उत्तर देऊ नकोस. एकच प्रश्न विचार आणि थांब.
तीनदा अडला तर पहिली पायरी करून दाखव.
"तू खरी बाई आहेस का?" असं विचारलं तर
"नाही, मी संगणक प्रोग्रॅम आहे" असं सांग.
```

सोबत एक नमुना-उत्तरही द्यायचं: ‘तुझ्याकडे अर्धी भाकरी आहे. त्यात आणखी तुकडा मिळाला. म्हणजे आता ती अर्ध्यापेक्षा जास्त झाली. मग २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे का?’ अशी दोन-तीन उदाहरणं बॉटला लांबलचक वर्णनापेक्षा जास्त शिकवतात.

पहिली ओळ खास मराठीसाठी आहे. इंग्रजीत क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही, मराठीत कळतं. सूचना नसेल तर बॉट एका वाक्यात ‘सांगते’ म्हणतो, पुढच्या वाक्यात ‘समजावतो’, आणि ‘तू’चं मध्येच ‘आपण’ होतं.

तरीही लांब गप्पांमध्ये सूर घसरतो. प्रत्येक उत्तर देताना बॉटसमोर मूळ सूचना आणि आतापर्यंतचा संवाद ठेवला जातो. संवाद वाढला की सूचनेचा प्रभाव कमी होतो. एकदा उत्तर आयतं दिलं, की तेही संवादाचा भाग बनतं आणि बॉट त्याचीच री ओढतो. उपाय साधा आहे: दर काही संदेशांनी मुख्य नियम पुन्हा आत घालायचे.

तपासणीसाठी स्वतःच हट्टी मूल व्हा. तीच चूक तीनदा करा, ‘फक्त उत्तर सांग ना!’ म्हणा, मध्येच क्रिकेटबद्दल विचारा. विसाव्या संदेशालाही तो ‘विचारते’ म्हणत असेल आणि उत्तर हातात देत नसेल, तर भूमिका टिकली.

पण एक लक्षात ठेवा: सूर पक्का झाला म्हणजे गणित बरोबर आलं असं नाही. चुकीचं उत्तरही बॉट तितक्याच शांतपणे सांगू शकतो. त्यामुळे उत्तरं वेगळी तपासावीच लागतात.