वाक्य कितव्या टर्नला आलं?

बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक सक्तीचे करण्याचा ‘ट्राय’चा आदेश आला, आणि फोन खरंच बँकेचा आहे का हे ओळखायची सोय झाली. मात्र फोन उचलल्यानंतर एजंटने जे सांगायलाच हवं ते सांगितलं का, हे क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी संभाषणाचं ट्रान्सक्रिप्ट तपासावं लागतं. तिथंही ‘सांगितलं’ एवढ्यावर भागत नाही. कितव्या टर्नला सांगितलं, ते हवं असतं. टर्न म्हणजे एका माणसाचं सलग बोलणं. समोरचा बोलू लागला की क्रमांक पुढे सरकतो.

या तपासणीची खरी कसोटी अमेरिकेतल्या कर्जवसुलीच्या कॉलवर लागते. तिथल्या १९७७ च्या ‘फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट’नुसार वसुली एजंटने ऋणकोशी पहिल्याच संपर्कात दोन गोष्टी सांगायच्या असतात: हा कर्ज वसूल करण्याचा प्रयत्न आहे, आणि मिळालेली माहिती त्याच कामासाठी वापरली जाईल. या क्षेत्रात या सूचनेला ‘मिनी मिरांडा’ म्हणतात. हाच कायदा दुसऱ्या बाजूने असंही बजावतो, की ऋणकोच्या कर्जाची वाच्यता परक्या माणसाकडे करायची नाही. म्हणजे वाक्य सांगायचं तर आहेच, पण समोर योग्य माणूस आहे याची खात्री झाल्यावरच.

फोन ऋणकोच्या भावाने उचलला आणि एजंटने दुसऱ्याच वाक्यात ‘मिनी मिरांडा’ म्हणून टाकलं, तर? ‘वाक्य आहे का?’ एवढंच विचारणारी यादी बरोबरची खूण करून मोकळी होईल. प्रत्यक्षात कायदा तिथेच मोडलेला असतो, आणि त्यासाठी वैयक्तिक दाव्यात प्रत्यक्ष नुकसानीखेरीज १,००० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. टर्नचा क्रमांक हवा तो यासाठी.

नमुन्यादाखल रचलेला एक कॉल मराठीत पाहू.

१. एजंट: नमस्कार, हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. श्री. मिलर आहेत का?
२. ग्राहक: बोलतोय.
३. एजंट: खात्रीसाठी जन्मतारीख सांगाल?
४. ग्राहक: (तारीख सांगतो.)
५. एजंट: धन्यवाद, जुळली. हा कर्ज वसूल करण्याचा प्रयत्न आहे आणि मिळालेली माहिती...
६. ग्राहक: हं.
७. एजंट: ...त्याच कामासाठी वापरली जाईल.

मधल्या ‘हं’मुळे सक्तीचं वाक्य दोन टर्नमध्ये तुटलं. एकेक टर्न सुटा वाचणारं सॉफ्टवेअर इथे ‘वाक्य अपूर्ण’ असा शेरा मारतं आणि प्रामाणिक एजंट विनाकारण दोषी ठरतो. म्हणून उत्तरात एक आकडा नको, टर्नची यादी हवी:

```json
{"recording_notice": [1],
 "identity_check": [3, 4, 5],
 "mini_miranda": [5, 7],
 "callback_number": null}
```

तिसऱ्या टर्नला विचारणा, चौथ्याला उत्तर, पाचव्याला जुळल्याची पावती. खात्री आधी, वाक्य नंतर, क्रम बरोबर. कंपनीच्या स्वतःच्या यादीतला परत फोन करण्याचा क्रमांक मात्र सांगितलेला नाही, म्हणून तिथे `null`. जवळपासचा एखादा टर्न चिकटवून देण्यापेक्षा हे रिकामं उत्तर कितीतरी मोलाचं आहे.

शब्द जुळवून शोधणारी तपासणी आणखी एका जागी फसते. ‘म्हणजे तुम्ही वसुलीवाले, आणि माझी माहिती वसुलीसाठी वापरणार?’ असं ग्राहकानेच विचारलं आणि एजंट ‘हो’ म्हणाला, तर हवे ते सगळे शब्द ट्रान्सक्रिप्टमध्ये सापडतात. ते बोलणारा मात्र एजंट नसतो. त्यामुळे प्रत्येक टर्न कोणाचा, हे आधी पक्कं हवं. दोघांचे आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर रेकॉर्ड झाले असतील तर ते सोपं जातं. एकाच चॅनेलवर मिसळलेले असतील तर आवाज वेगळे करताना चुका होतात, आणि कधी ग्राहकाचं ‘हं’ एजंटच्या नावावर पडतं.

मग क्रमांकही घसरतात. कोणी साफसफाई म्हणून सहावा टर्न काढून टाकला, की सातव्याचा सहावा होतो आणि आधीचे सगळे अहवाल चुकीच्या जागी बोट दाखवू लागतात. मोजणी शून्यापासून की एकपासून, हे न ठरवल्यानेही हाच घोळ होतो. साफसफाई करण्याआधीच क्रमांक कायमचे लावून टाकावेत आणि उत्तरात टर्नसोबत एजंटचे शब्द जसेच्या तसे मागावेत. ते शब्द त्या टर्नमध्ये सापडले नाहीत, तर उत्तर तिथल्या तिथे बाद करता येतं.

‘आम्ही शंभर टक्के कॉल तपासतो’ असं सांगणाऱ्या कंपनीला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारायला हवा, की अहवालातल्या टर्नवरून मूळ रेकॉर्डिंगच्या नेमक्या सेकंदाला पोचता येतं का. कारण आवाजाचे शब्द करताना ‘नाही’सारखा छोटा शब्द गळू शकतो, आणि भराभर पुटपुटलेलं वाक्यही कागदावर स्वच्छ उमटतं. ग्राहकाला ते ऐकू गेलं असेल का, हे तो तुकडा ऐकल्याशिवाय ठरत नाही.