'कंपोस्टेबल' कप: ग्रीन बिझनेस की ग्रीनवॉशिंग?

सेमिनार पेपरसाठी एकच उदाहरण घेऊया: मका किंवा उसापासून बनलेल्या पीएलए प्लास्टिकचा 'कंपोस्टेबल' कप. आयएसओ 17088 या मानकाप्रमाणे त्याचं साधारण 58 अंश तापमानात, 180 दिवसांच्या आत 90 टक्के जैविक विघटन व्हावं लागतं. म्हणजे दावा खरा, पण औद्योगिक कंपोस्ट प्लांटपुरता! घरच्या कुंडीत एवढी उष्णता कुठून येणार? तिथे कप तसाच पडून राहतो. ही अट लपवली की झालं ग्रीनवॉशिंग. भारताच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाव्यामागे पुरावा लागतो.

मग टिकणारं मॉडेल कुठलं? जो विक्रेता कॅन्टीनमधून वापरलेले कप परत गोळा करतो, प्लांटला पाठवतो आणि तो खर्च किमतीत धरतो, त्याचं. म्हणून स्टार्टअपला एवढंच विचारा: वापरल्यावर कप जातो कुठे?