मोडनिंब परिसरातील सभामंडप: जीर्णोद्धार, ऋणनिर्देश आणि वापराचे नियम

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर वसले आहे. येथून पंढरपूरला रस्ता जातो आणि कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावर गावाचे स्थानक आहे. हा लोहमार्ग बार्शी लाइट रेल्वेने 1906 साली अरुंद मापाचा बांधला होता, पुढे तो ब्रॉडगेज झाला. संत सावता माळी यांची समाधी असलेले अरण गावापासून जवळच आहे. पंढरीची वाट एका बाजूला आणि सावता महाराजांचे गाव दुसऱ्या बाजूला असल्यामुळे या भागातील देवळापुढचा सभामंडप वारकरी परंपरेच्या वापरातून घडला आहे. भजन, कीर्तन, हरिनाम सप्ताह, काल्याचे कीर्तन, पंगत आणि वाटेवरच्या दिंडीचा मुक्काम एवढे सगळे त्याच एका छपराखाली होते.

असा मंडप जुना झाला की गाव त्याचा जीर्णोद्धार करते आणि काम पुरे झाल्यावर लोकार्पणाचा कार्यक्रम ठेवते. बहुधा तो सप्ताहाच्या किंवा कलशारोहणाच्या दिवशी येतो. त्या दिवशीचे मुख्य भाषण तीन प्रश्नांची उत्तरे देते: काय बांधले, ते कोणाच्या हातांनी व पैशांनी झाले, आणि आता जागा कशी वापरायची. तिन्ही गोष्टी गावासमोर एकदा स्पष्ट सांगितल्या गेल्या की पुढच्या बऱ्याच वादांना जागा राहत नाही.

साडेसातशे वर्षांपूर्वीचा देणगीफलक

देणगीदारांची नावे जाहीर करण्याची रीत या भागात फार जुनी आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात चौऱ्याऐंशीचा लेख म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. शके 1195 ते 1199, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277 या काळात मंदिराच्या कामासाठी ज्यांनी दान दिले, त्यांची यादी त्यावर कोरलेली आहे. देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावे त्यात आहेत, आणि त्याच दगडावर इतर भक्तांचीही. या लेखाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत होती. त्यामुळे भाविकांच्या पाठींनी दगड झिजत गेला. अभ्यासकांसाठी मात्र हा लेख यादवकालीन मराठीचा आणि मंदिराच्या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा आहे.

आजच्या सभामंडपाच्या भिंतीवरील संगमरवरी फलक त्याच रीतीचा आहे. पंढरपूरचा लेख एकाच दिवशी लिहून संपलेला नाही. दान येत गेले तशी नोंद होत गेली आणि ती पाच वर्षे चालली. म्हणून नव्या फलकावरही खाली रिकामी जागा सोडावी आणि भाषणात ती दाखवून द्यावी. लोकार्पणानंतर वर्गणी देणाऱ्यालाही आपले नाव तिथे येईल हे त्यातून कळते.

आधी कारागीर, मग देणगीदार

मंडपाच्या कामावर अनेक हात असतात. गवंडी आणि बिगारी पाया व भिंती उचलतात, सेंट्रिंगवाले स्लॅबचा साचा बांधतात, वेल्डर लोखंडी कैच्या जोडून पत्रा चढवतो, फरशीवाला उतार सांभाळत फरशी बसवतो. सुतार, रंगारी आणि वायरमन शेवटी येतात. भाषणात या प्रत्येकाचा उल्लेख त्याच्या कामासह व्हावा. ‘सर्व कारागिरांचे आभार’ या एका वाक्यात कोणाचेच श्रम दिसत नाहीत. ‘कळसाखालची गळती ज्यांनी शोधली ते गवंडी’ असे म्हटले की माणूसही कळतो आणि कामही. फेटा, शाल आणि श्रीफळ देताना कारागिरांना पाहुण्यांच्या आधी बोलावण्याची पद्धत सावता महाराजांच्या शिकवणुकीला धरून आहे. मळ्यातले काम हीच त्यांची विठ्ठलपूजा होती.

देणगी तीन प्रकारची असते आणि भाषणात तिन्ही वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. पहिली रोख वर्गणी, जिची पावती फाडलेली असते. दुसरी वस्तुरूप, म्हणजे सिमेंटच्या गोण्या, वाळूच्या खेपा, पंखे, सतरंज्या, स्वयंपाकाची भांडी. तिसरी श्रमदान: पाया खणणे, पाणी मारणे, आपला ट्रॅक्टर फुकट लावणे. वस्तू आणि श्रम यांची पावती सहसा नसते, त्यामुळे हेच देणारे यादीतून सुटतात आणि रुसवा तिथेच धरला जातो. काम चालू असतानाच एका वहीत रोजच्या रोज नोंद ठेवली आणि भाषणाच्या आदल्या दिवशी ती कमिटीसमोर वाचून घेतली की नाव सुटत नाही.

आभारापाठोपाठ हिशेब येतो. एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक किंवा देणे हे तीन आकडे भाषणात सांगणे पुरेसे असते, तपशील फलकाशेजारी लावता येतो. देवस्थान महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेले असेल तर हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे ही विश्वस्तांची कायदेशीर जबाबदारीच आहे. प्राप्तिकरातील सवलतीबद्दल मात्र जपून बोलावे. प्राप्तिकर कायद्यात मंदिर, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्च यांच्या दुरुस्तीसाठीच्या देणगीला सवलत आहे, पण ते स्थळ केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेले असावे लागते. गावच्या प्रत्येक देवळाला ती लागू होत नाही, आणि व्यासपीठावरून दिलेले चुकीचे आश्वासन देणगीदाराला अडचणीत आणते.

मंडपासाठी सरकारी निधी वापरला असेल तर तोही वेगळा सांगायचा असतो. खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम करता येत नाही. म्हणून सार्वजनिक पैशांतून होणारे सभागृह सार्वजनिक जागेवर आणि सर्वांच्या वापरासाठी असते. देवळाचा मंडप वर्गणीतून आणि शेजारचे सभागृह निधीतून झाले असेल तर कोणती भिंत कोणाची हे लोकार्पणाच्या दिवशीच स्पष्ट करावे. दहा वर्षांनी ‘हॉल देवस्थानाचा की ग्रामपंचायतीचा’ हा वाद इथूनच सुरू होतो.

काय बदलले आणि काय राखले

जुन्या दगडी देवळाचे काम असेल तर भाषणात काय बदलले याबरोबर काय राखले हेही सांगावे लागते. पंढरपूरचे अलीकडचे काम यासाठी उपयोगी उदाहरण आहे. राज्य पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखालील या कामासाठी 15 मार्च 2024 पासून विठ्ठलाचे चरणस्पर्श दर्शन बंद ठेवण्यात आले आणि 2 जूनला ते पुन्हा सुरू झाले. या काळात पूर्वीच्या वर्षांत बसवलेल्या ग्रॅनाइट आणि फरश्या काढून आतला मूळ दगड मोकळा करण्यात आला.

गावच्या देवळांत नेमके उलटे घडते. काळ्या पाषाणाच्या खांबांना ऑइलपेंट लावतात, चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरतात, खाली गुळगुळीत ग्रॅनाइट बसवतात. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो कोंडून धरते. मग सांध्याजवळ पांढरा लोणा फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ओल्या पायांनी येणाऱ्या भाविकांना गुळगुळीत फरशी धोक्याची असते. तिथे खरबरीत फरशीच योग्य.

दुसरा बिघाड आवाजाचा. सपाट स्लॅब, चकचकीत फरशी आणि टाइल्स लावलेल्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमतो आणि कीर्तनकाराचा शब्द कळत नाही. रिकाम्या मंडपात मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवली आणि तिचा नाद लांबत राहिला की दोष लक्षात येतो. लोक बसले की तो थोडा कमी होतो. सतरंज्या अंथरणे, बाजू उघड्या ठेवणे आणि भिंतीच्या वरच्या भागावर टाइल्स न लावणे हे स्वस्त उपाय आहेत. आवाज मोठा केल्याने घुमणेही वाढते.

जागा कशी वापरायची

वापराचा भाग मोजमापाने सुरू केला तर लोकांना पटतो. उदाहरणादाखल 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद मंडप घ्यावा. एकूण क्षेत्र 1,200 चौरस फूट. वीणेची जागा, कीर्तनकाराची जागा आणि येण्याजाण्याची वाट यांसाठी पाचवा हिस्सा सोडला तर 960 चौरस फूट उरतात. मांडी घालून बसणाऱ्याला साधारण 5 चौरस फूट लागतात, म्हणजे सुमारे 190 श्रोते मावतात. झोपणाऱ्या वारकऱ्याला सहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे 15 चौरस फूट लागतात, तेव्हा तोच मंडप 64 जणांचा होतो. दीडशे जणांच्या दिंडीला मुक्काम देताना शाळा किंवा शेजारचे वाडे आधीच ठरवावे लागतात ते यामुळे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी परंडा, कुर्डू, करकंब या वाटेने पंढरीला जाते, त्यामुळे आषाढीच्या दिवसांत हा हिशेब या भागाच्या उपयोगी पडतो.

यानंतर प्रवेशाचा नियम येतो, आणि तो सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगायचा असतो. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि 10 मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, पुढे 1956 च्या कायद्याने सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत सर्व जातींच्या हिंदूंचा प्रवेशाचा हक्क पक्का केला. म्हणून मंडपात ‘अमुक समाजाची बाजू’ किंवा ‘मानकऱ्यांची वेगळी पंगत’ अशी विभागणी ठेवता येत नाही. मोठ्या देणगीदारालाही फलकावरच्या नावापलीकडे वेगळा हक्क मिळत नाही.

ध्वनिक्षेपकाचा नियमही सांगून ठेवावा लागतो. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज चालतो, पण तिन्ही बाजूंनी उघडा मंडप त्या सवलतीत बसत नाही. काही ठराविक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते. तशी मुभा नसेल तर सप्ताहातले रात्रीचे कीर्तन दहाच्या आत संपवावे. जागर आणि पहाटेचा काकडा बिनकर्ण्याचा करायचा.

राजकीय वापराबद्दल 1988 चा केंद्रीय कायदा आहे. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरू देणे हा त्यानुसार गुन्हा आहे आणि व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. लोकार्पणाला आलेल्या पाहुण्यांनी त्याच व्यासपीठावरून प्रचार करू नये, ही विनंती सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच करणे बरे.

बाकीचे नियम गावाने आपसांत ठरवायचे असतात. लग्न, साखरपुडा, बारसे यांना मंडप द्यायचा का, द्यायचा तर वीज आणि साफसफाईचे शुल्क किती, दोन कुटुंबांनी एकच तारीख मागितली तर आधी नोंद करणाऱ्याला द्यायची का, सप्ताहाच्या तारखा वर्षभर आधी राखून ठेवायच्या का. ही उत्तरे कमिटीच्या ठरावात लिहून, भाषणात वाचून आणि दाराजवळ लावून ठेवतात. त्याशिवाय देखभालीची तीन कामे नावानिशी कोणावर तरी सोपवावी लागतात: पावसाळ्याआधी गच्चीवरील पन्हाळी साफ करणे, दगडी सांध्यांत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच उपटणे आणि वर्षातून एकदा वायरिंग तपासून घेणे. पिंपळाचे मूळ सांध्यात जाडजूड झाले की दगड सरकतो आणि मग पुढच्या जीर्णोद्धाराची वर्गणी लवकरच काढावी लागते.