आजोबांच्या फोनवर व्हिडिओ कॉल: नातीने फोनवरून सांगितलेल्या पायऱ्या

दूर राहणाऱ्या माणसाला फोनवरून ॲप घ्यायला सांगताना अडचण दुहेरी असते. सांगणाऱ्याला समोरची स्क्रीन दिसत नाही. शिवाय ज्या फोनवर बोलणे चालू आहे, त्याच फोनवर काम करायचे असते. पुढच्या प्रसंगात आजोबा तासगावला आहेत आणि नात पुण्यात. आजोबांच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप घ्यायचे आहे. हे ॲप २००९ पासून आहे आणि त्यात व्हिडिओ कॉलची सोय २०१६ च्या नोव्हेंबरात आली.

पहिली पायरी ॲपची नसून कानाची आहे. फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी होते, म्हणून आधी स्पीकर चालू करावा लागतो.

“आजोबा, फोन कानापासून लांब धरा. Speaker असं लिहिलेलं दिसतंय? ते दाबा.”

“दाबलं. आता तुझा आवाज मोठा येतोय.”

“आता खालचं मधलं गोल बटण दाबा. फोन कट होणार नाही.”

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. कॉलची स्क्रीन नाहीशी झाली म्हणजे फोन कट झाला, असे अनेकांना वाटते आणि ते घाईने पुन्हा फोन लावू पाहतात. काही फोनमध्ये हे गोल बटण नसते. तिथे बोट स्क्रीनच्या तळापासून वर सरकवले की तेच काम होते. इथून पुढे दोघांनी एक पद्धत ठरवली: आजोबांनी स्क्रीनवर काय दिसते ते वाचून दाखवायचे आणि मगच नातीने एक पायरी सांगायची. एका दमात तीन पायऱ्या सांगितल्या, तर कुठे चुकले हे दोघांनाही कळत नाही.

दुसरी पायरी प्ले स्टोअरची. रंगीत त्रिकोणाचे चिन्ह दाबल्यावर शोधण्याची जागा उघडते. तिथला माइक दाबून बोलण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण कॉल चालू असताना माइक कॉलसाठी वापरात असल्याने तो बहुधा चालत नाही. त्यामुळे आजोबांनी एकेक अक्षर टाइप केले: `WhatsApp`.

“पहिल्या ओळीत काय लिहिलंय?”

“भलतंच काहीतरी आहे बाळा. बाजूला Sponsored असं लिहिलंय.”

“ती जाहिरात आहे, तिला हात लावू नका. खाली हिरव्या चौकोनात पांढरा फोन आहे, त्याच्या शेजारची नावं वाचा.”

“WhatsApp Messenger. त्याखाली WhatsApp LLC.”

“तेच. आता Install दाबा.”

चित्रापेक्षा नाव वाचून घेण्याचे कारण असे, की मिळत्याजुळत्या चित्रांची दुसरी ॲप शेजारीच असतात. हिरव्या चित्रात इंग्रजी बी अक्षर असलेले ॲप दुकानदारांसाठी आहे. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून ॲप घेण्याचा मार्ग तर पूर्णपणे टाळावा. फसवणूक करणारे नेमका तोच वापरतात.

आजोबांनी Install दाबले, पण पुढे काहीच सरकेना. स्क्रीनवर Pending हा शब्द तसाच राहिला. याचे कारण आजोबांच्या दोन सिमकार्डांत होते. इंटरनेट पहिल्या सिमवर होते आणि बोलणे दुसऱ्या सिमवर चालू होते. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसऱ्या सिमचे इंटरनेट थांबते. सिम एकच असले तरी जिथे कॉल जुन्या २जी जाळ्यावरून जातो, तिथेही हेच होते. ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेले 4G हे अक्षर कॉल चालू असताना नाहीसे होते. घरात वाय-फाय असेल, तर ही अडचण येत नाही.

“आजोबा, आता मी फोन ठेवते. तुम्ही काही करू नका, नुसती स्क्रीन बघत राहा. Open असं आलं तरी दाबू नका. दहा मिनिटांनी मी पहिल्या सिमच्या नंबरवर फोन करते.”

फोन ठेवताच ॲप उतरू लागले. नातीचा दुसरा फोन पहिल्या सिमवर आला आणि त्या सिमवर बोलणे व इंटरनेट बरोबर चालत असल्याने पुढचे काम अडले नाही.

तिसरी पायरी नोंदणीची. Open दाबल्यावर भाषा निवडायची, Agree and continue दाबायचे आणि आपला दहा आकडी नंबर घालायचा. भारताचा +91 आधीच आलेला असतो. तो नंबर बरोबर आहे का, असे ॲप विचारते, तेव्हा तो सावकाश वाचून पाहावा. एक आकडा चुकला, तर कोड दुसऱ्याच्याच फोनवर जातो आणि इथे माणूस वाट पाहत बसतो. बरोबर नंबरवर सहा आकडी कोड मेसेजने येतो.

“आला बघ मेसेज. सांगू का आकडे?”

“नको आजोबा, मलाही सांगू नका. तुम्ही स्वतःच तिथे घाला.”

हा कोड ज्याच्या हाती लागतो, तो दुसऱ्या फोनवर आजोबांचे खाते उघडू शकतो. नातीला तो लागतही नाही. ‘कोड कुणालाही सांगायचा नाही’ ही सवय घरच्या माणसापासूनच लागली, तर उद्या बँकेचे नाव सांगून कोणी कोड मागितल्यावर नकार देणे सोपे जाते. काही वेळा ॲप कोड कॉलवरून देऊ करते. पण ओळ आधीच व्यग्र असल्याने त्या वेळी मेसेजचाच पर्याय घ्यावा.

चौथी पायरी परवानग्यांची. संपर्क यादीची परवानगी दिली नाही, तर नावांऐवजी नुसते नंबर दिसतात. कॅमेरा आणि माइकची परवानगी ॲप पहिल्या व्हिडिओ कॉलच्या वेळी मागते आणि गडबड बहुधा तिथेच होते. Don't allow दोनदा दाबले गेले, तर नव्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रश्न पुन्हा येत नाही. मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत जाऊन, व्हॉट्सॲप निवडून, Permissions मधून ती द्यावी लागते. म्हणून नातीने आधीच सांगून ठेवले: “While using the app असं दिसलं, की तेच दाबायचं.”

आता अवघड भाग उरला. साधा फोन चालू असताना व्हॉट्सॲपचा कॉल लावता येत नाही. म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी सूचना देणारा आवाज बंद करावा लागतो. त्यासाठी पुढचे सगळे आधी ठरवून घेतले.

“मी फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल करते. वाजला की हिरवं चिन्ह वर सरकवा. काही गडबड झाली तर मीच साधा फोन करीन, तुम्ही लावू नका.”

“तू सांगितलंस तसंच करतो.”

दोघांनी एकाच वेळी फोन लावला, तर दोघांनाही ओळ व्यग्र लागते. म्हणून लावायचे कोणी हे आधी ठरवणे गरजेचे होते.

कॉल लागला, पण नातीला नुसता अंधार दिसला. आवाज मात्र येत होता, म्हणजे इंटरनेट आणि माइक ठीक होते. आजोबांचा अंगठा वरच्या कडेच्या कॅमेऱ्यावर होता. अंगठा काढल्यावर छताचा पंखा दिसला. फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर उभा केल्यावर चेहरा आला. दोष ओळखायचा क्रम हाच: चित्र नाही पण आवाज आहे, तर आधी बोट, मग कॅमेऱ्याचे बंद बटण, मग परवानगी तपासावी. चित्र आहे पण आवाज नाही, तर माइकवर तिरपी रेघ आली आहे का ते पाहावे. दोन्ही अडखळत असतील, तर इंटरनेट मंद आहे; ॲपच्या सेटिंगमध्ये Storage and data खाली Use less data for calls चालू केले, तर फरक पडू शकतो.

कॉल घेता आला, तरी लावता येणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबांनी नातीचे नाव उघडले, वरचे कॅमेऱ्याचे चिन्ह दाबले आणि कॉल स्वतः लावला.