तीस रोपं, पण प्रयोग एकच

शोधनिबंध दुरुस्त होऊन परत आला की परीक्षक आधी लेखकांचं उत्तरपत्र वाचतो. एक उदाहरण घेऊ. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे गव्हाची वाढ जोमदार होते, असा दावा आहे. एका बंद कक्षात जादा वायू, दुसऱ्यात नेहमीची हवा. प्रत्येकात तीस रोपं. पहिल्या फेरीतली मुख्य हरकत अशी होती, की रोपं तीस असली तरी वायूचा प्रयोग एकाच कक्षावर झाला. त्या कक्षातला दिवा थोडा प्रखर असेल, तर वाढ दिव्यामुळेही झाली असेल. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीवर सविस्तर लिहिलं, तरी ती अजून होते.

लेखकांनी आलेख सुधारले, संदर्भ जोडले, भाषा नीट केली. मुख्य हरकतीवर मात्र आभार मानून आणखी रोपं मोजली. ती त्याच दोन कक्षांतली. शीर्षक आणि निष्कर्ष जसेच्या तसे. बगल दिली आहे हे इथेच कळतं: उत्तर लांबलचक, पण निबंधातलं ते विधान हललेलंच नाही.

दुसऱ्या अहवालात परीक्षकाने सुधारणांची मोकळेपणाने पोच द्यावी, नव्या किरकोळ हरकती काढू नयेत आणि ही एकच हरकत पुन्हा स्पष्ट मांडावी. मार्ग दोन आहेत: कक्षांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा पुन्हा करा, किंवा कार्बन डायऑक्साइडचा दावा मागे घेऊन फक्त दोन कक्षांतला फरक नोंदवा. तोवर संपादकांना ‘स्वीकारा’ असं कळवू नये.